अंतरपाट दूर होताना: मोबाइल बाजूला ठेवण्याची विनंती

लग्नविधीच्या वेळी पाहुण्यांनी मोबाइल बाजूला ठेवावेत, अशी विनंती आता पत्रिकेत, मांडवाच्या दारावरच्या फलकावर आणि माइकवरून केली जाऊ लागली आहे. अमेरिका-इंग्लंडमधल्या लग्नांत ही पद्धत ‘अनप्लग्ड सेरेमनी’ या नावाने रूढ झाली. तिथे चर्चच्या दाराशी पाटी असते आणि विधी सुरू होण्याआधी धर्मगुरू किंवा विधी चालवणारी व्यक्ती दोन वाक्यांत सूचना देते. मराठी लग्नात मात्र ती पाटी जशीच्या तशी उचलून लावली की फसते. इथे पाहुणे विधी पाहतात आणि अक्षता टाकून त्यात भागही घेतात. शिवाय निमंत्रण वडीलधाऱ्यांच्या नावाने जाते, त्यामुळे पाहुण्यांना काही करू नका म्हणायचे तर त्याची भाषा यजमानाला शोभणारी लागते.

विनंती नेमकी कोणत्या वेळेसाठी आहे, हे आधी ठरवावे लागते. मराठी लग्न सकाळपासून चालते. सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, मंगळसूत्र, होम, सप्तपदी असा तो क्रम आहे आणि त्यातले बहुतेक विधी जवळची माणसेच बसून पाहतात. बाकीचे त्या वेळी गप्पांत किंवा पंगतीत असतात. सगळा हॉल एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो तो मंगलाष्टकांना. वधू-वरांमध्ये अंतरपाट धरलेला असतो, दोघांच्या मागे आपापले मामा उभे असतात, करवल्या बाजूला असतात. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी अक्षता पडतात. शेवटचे अष्टक संपले की अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते आणि दोघे एकमेकांना हार घालतात. आठ पारंपरिक श्लोक आणि घरच्या आत्या-मावश्यांनी रचलेली एक-दोन अष्टके धरली, तरी हे सारे साधारण पंधरा मिनिटांत आटोपते. विनंती या पंधरा मिनिटांपुरती ठेवली तर पाळली जाते. ‘संपूर्ण समारंभात मोबाइल वापरू नये’ असे लिहिले तर पाहुणे पहिल्या दहा मिनिटांतच ती अशक्य समजून सोडून देतात, आणि मग अंतरपाट दूर होण्याच्या वेळीही ती उरत नाही.

दुसऱ्या पद्धतीच्या विवाहांत हा क्षण वेगळा असतो. सत्यशोधक विवाहात वधू-वर सर्वांसमोर एकमेकांना वचन देतात. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील आणि त्यानंतरच्या प्रतिज्ञा असतात. नोंदणी विवाहात रजिस्ट्रारसमोरची प्रतिज्ञा आणि सह्या असतात. तो क्षण त्या त्या घरानेच ओळखून विनंतीत त्याचे नाव घातले पाहिजे.

अंतरपाट दूर होताना मोबाइलमुळे काय बिघडते, ते स्टेजवरून पाहिले की कळते. मान वर करून समोर पाहणाऱ्या वधूला शंभर-दीडशे हात डोक्याच्या वर गेलेले दिसतात आणि त्या हातांमागे चेहरे झाकलेले असतात. पुढच्या रांगेतली माणसे चांगले चित्र मिळावे म्हणून पायऱ्यांपर्यंत सरकतात, त्यांच्यामागचे उभे राहतात, त्याच्याही मागचे खुर्चीवर चढतात. व्हीलचेअरवरच्या आजीला लग्न दिसतच नाही. अक्षतांचेही तसेच होते. उजव्या हातात तांदूळ, डाव्या हातात फोन आणि नजर पडद्यावर, त्यामुळे अक्षता पुढच्याच्या डोक्यावर पडतात. बरेच जण त्या टाकायलाच विसरतात आणि मूठ तशीच खिशात जाते.

व्यावसायिक छायाचित्रकारांची अडचण तांत्रिक आहे. कॅमेरा आणि वधू-वर यांच्या मध्ये कुणी फोन वर केला की कॅमेऱ्याचा फोकस अनेकदा जवळच्या फोनवर बसतो आणि मागचे चेहरे धूसर येतात. हॉलच्या मंद उजेडात चेहरे नीट यावेत म्हणून कॅमेरा जास्त प्रकाश घेत असतो. त्या मापाने फोनचा पेटलेला पडदा फार उजळ ठरतो आणि चित्रात पांढरा चौकोन होऊन उमटतो. व्हिडिओ काढताना कुणी फोनचा टॉर्च लावला तर मांडवाच्या पिवळसर उजेडात एका बाजूने निळसर पांढरा झोत येतो. चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी पडते. दोन वेगळ्या रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर असले, तर नंतर दुरुस्त करणे कठीण जाते. हार घालण्याचा क्षण पुन्हा घेता येत नाही, म्हणून हे नुकसान कायमचे राहते.

पाहुण्यांच्या आठवणीचे काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये संग्रहालयात केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या वस्तू लोकांनी नुसत्या पाहिल्या त्या त्यांना जास्त लक्षात राहिल्या आणि ज्यांचे फोटो काढले त्या कमी. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांत मात्र ही घट दिसली नाही. अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलेला निष्कर्ष थोडा वेगळा आहे. स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक लक्षात राहते, पण ऐकलेले कमी. ‘फोटो काढले की माणूस काहीच अनुभवत नाही’ हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही, आणि ते विनंतीत लिहू नये. पाहुण्यांना ते टोचते आणि खरेही नसते. मंगलाष्टकांच्या बाबतीत मात्र दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण तो भाग मुख्यतः ऐकण्याचा आहे. आत्याने भाचीच्या नावाची अक्षरे गुंफून रचलेले अष्टक फोन सांभाळणाऱ्याच्या कानावरून निघून जाते.

आता शब्दांकडे वळू. मराठी पत्रिकेत पाहुण्यांना काही टाळायला सांगण्याची जागा आधीपासूनच आहे. ‘कृपया आहेर आणू नये’, ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ अशा ओळी पत्रिकेच्या तळाशी अनेक वर्षे छापल्या जात आहेत. त्या कुणाला लागत नाहीत, कारण नकाराबरोबर त्यांत पाहुण्याचा मान राखलेला असतो: तुम्ही काही आणू नका, कारण तुम्ही येणे पुरेसे आहे. मोबाइलची विनंती याच घडणीत बसवता येते. तुम्ही फोटो काढू नका, कारण त्या वेळी तुमचा चेहरा आम्हाला पाहायचा आहे.

याउलट तयार फलकांवर दिसणारी ‘मोबाइल वापरण्यास सक्त मनाई आहे’ ही ओळ बँक, रुग्णालय, परीक्षा केंद्र यांची आहे. ती वाचून पाहुण्याला आपल्यावर पहारा असल्यासारखे वाटते. ‘कृपया मोबाइलचा वापर टाळावा’ ही ओळ सौम्य आहे, पण तिच्यातून काहीच कळत नाही. वापर म्हणजे बोलणे, फोटो की दोन्ही? किती वेळ? का? अशी ओळ वाचणारा बहुधा फोन सायलेंटवर टाकतो आणि सूचना पाळली असे मानून निवांत व्हिडिओ काढतो. ‘मोबाइलमधून नव्हे, मनातून पाहा’ यासारख्या सुभाषितवजा ओळी फलकावर शोभून दिसतात, पण त्यांत कोणतीही ठोस कृती सांगितलेली नसल्यामुळे कुणाचा हात खिशाकडे जात नाही.

चांगल्या विनंतीत चार गोष्टी असतात: कोणता क्षण, किती वेळ, कशासाठी आणि बदल्यात काय मिळेल. त्यातले ‘कशासाठी’ शक्यतो वधू-वरांच्या तोंडचे असावे. छायाचित्रकाराला अडथळा होतो हे कारण खरे असले तरी पत्रिकेत नको. भाड्याने आणलेल्या माणसाच्या सोयीसाठी मामा-काकांना थांबवले, असा त्याचा अर्थ लागतो. ‘आम्हाला तुमचे चेहरे दिसावेत’ या कारणाशी कुणी वाद घालत नाही.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहता येईल. तालुक्याच्या गावातला हॉल, चारशे पाहुणे, मुहूर्त दुपारी 12 वाजून 31 मिनिटांचा. विनंती उभय परिवारांच्या नावाने जाणे ही पहिली गरज आहे. मुलीकडच्यांनी एकट्याने ठरवले तर वरपक्षात ‘त्यांनी मोबाइलबंदी घातली’ अशी कुजबुज होते, आणि विहीणबाईंनी फोन काढला की दोन्हीकडचे सगळेच काढतात. म्हणून साखरपुड्यानंतरच्या बोलणीतच हा विषय काढून दोन्हीकडच्या आईवडिलांचा होकार घेतलेला असावा.

पत्रिकेत जागा थोडी असते, म्हणून तिथे एकच वाक्य पुरते, तेही आहेराच्या ओळीशेजारी: ‘मंगलाष्टकांच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून दोन्ही हातांनी अक्षता टाकाव्यात, ही उभय परिवारांची नम्र विनंती.’ बऱ्याच पत्रिकांत घरातल्या लहान मुलांच्या नावाने लाडिक आमंत्रणाची ओळ असते. काही घरांना विनंती तिथे घालावीशी वाटेल, उदाहरणार्थ ‘आमच्या ताईला तुमचा चेहरा पाहायचा आहे, तेव्हा फोन थोडा वेळ पर्समध्ये हं!’ घरगुती लग्नात ती गोड वाटते. मात्र पत्रिका मान्यवरांना आणि कार्यालयातल्या वरिष्ठांनाही जाणार असेल, तर मुलांच्या तोंडून मोठ्यांना सूचना जाते, म्हणून तिथे साधी ओळच बरी.

आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाणारा संदेश थोडा लांब चालतो. तो वधू-वरांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा:

‘उद्या दुपारी 12.15 पासून मंगलाष्टके सुरू होतील. तेव्हापासून आम्ही हार घालेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे, कृपया मोबाइल खिशात किंवा पर्समध्ये असू द्यावेत. अंतरपाट दूर झाल्यावर समोर तुम्ही सगळे दिसावेत, अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. त्या वेळचे फोटो संध्याकाळी याच ग्रुपवर पाठवू. नंतर मनसोक्त फोटो काढा, आमच्याबरोबरही काढा.’

या मजकुरातले शेवटून दुसरे वाक्य सर्वात महत्त्वाचे आहे. पाहुणा फोन वर करतो तो बहुतेक वेळा प्रेमापोटी. न आलेल्या बहिणीला, मुंबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मुलाला लगेच दाखवायचे असते. व्यावसायिक फोटो हाती यायला काही आठवडे लागतात, हे त्याला अनुभवाने माहीत असते. त्याच संध्याकाळी मंगलाष्टकांचे दहा-पंधरा फोटो मिळणार असतील, तर त्याची गरज भागते. त्यासाठी छायाचित्रकाराशी आधीच करारात ठरवावे लागते: अंतरपाट, हार आणि अक्षता यांचे निवडक फोटो जेवणे होईपर्यंत, फार प्रक्रिया न करता, द्यायचे. हे ठरलेले नसेल तर वचन देऊ नये. न पाळलेल्या वचनाची गोष्ट पुढच्या लग्नापर्यंत पोहोचते, आणि तिथे अशी विनंती कुणी मनावर घेत नाही.

फलक कुठे लावायचा, याचाही विचार हवा. प्रवेशद्वारावरच्या फुलांच्या कमानीजवळ तो हरवतो, कारण तिथे सगळे वधू-वरांच्या नावांच्या पाटीसोबत फोटो काढण्यात गुंतलेले असतात. जिथे अत्तर आणि अक्षता मिळतात ती जागा योग्य, कारण तिथे माणूस थांबतो आणि ज्या क्षणासाठी विनंती आहे त्याच क्षणाची वस्तू हातात घेतो. दहा फुटांवरून वाचता यायला अक्षरे निदान एक इंच उंचीची हवीत आणि मजकूर दोन ओळींपेक्षा जास्त नको: ‘मंगलाष्टकांची पंधरा मिनिटे आमच्यासाठी. मोबाइल खिशात, अक्षता हातात.’ अक्षता छोट्या कागदी पुड्यांतून देणार असाल तर हीच ओळ पुडीवर छापता येते. फलक न पाहिलेल्यालाही ती वाचायला मिळते.

माइकवरची घोषणा सर्वात परिणामकारक असते आणि सर्वात जास्त चुकाही तिथेच होतात. ती फार लवकर केली तर निम्मे पाहुणे पार्किंगमध्ये असतात. फार उशिरा केली तर गुरुजींचे पहिले अष्टक तिच्यात बुडते. डीजेवाल्याने चढ्या आवाजात केली तर नेहमीच्या गोंगाटात विरून जाते. वर स्टेजवर येऊन उभा राहिला, मामा वधूला घेऊन आले आणि अंतरपाट धरला गेला, की वाजंत्री थांबवून घोषणा करावी. त्या वेळी हॉल आपोआप शांत होत असतो. बोलणारी व्यक्ती दोन्ही घरांना मान्य असावी, गुरुजी किंवा घरातले ज्येष्ठ काका. शब्द थोडे असावेत: ‘मंडळी, आता मंगलाष्टके सुरू होत आहेत. वधू-वरांची इच्छा आहे की या वेळी आपण सर्वांनी मोबाइल खाली ठेवावेत आणि दोन्ही हातांनी अक्षता टाकाव्यात. फोटोंची व्यवस्था केलेली आहे. हार घालून झाले की मी स्वतः सांगेन, मग सर्वांनी फोटो काढावेत.’ एवढे सांगून दहा-पंधरा सेकंद थांबावे. फोन पर्समध्ये ठेवायला तेवढा वेळ लागतो. हीच घोषणा तिसऱ्यांदा केली की ती दटावणी वाटते, तेव्हा एकदाच करावी.

गुरुजी बोलणार असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगून शब्द लिहून द्यावेत. आयत्या वेळी सांगितले तर काही गुरुजी उत्साहाने तरुण पिढीवर पाच मिनिटे भाषण करतात आणि मुहूर्ताची घाई होते.

यजमानांनीही काही पाळावे लागते, आणि विनंती बहुतेक वेळा तिथेच फसते. पाहुण्यांनी फोन खाली ठेवले, पण समोर पारंपरिक छायाचित्रकार, कँडिड छायाचित्रकार, दोन व्हिडिओवाले आणि त्यांचे दिवे धरणारे अशी सात-आठ माणसांची भिंत उभी असेल, तर लोकांना वधू-वरांऐवजी पाठी दिसतात. ‘आम्हाला सांगता आणि हे काय?’ हा पाहुण्यांचा प्रश्न तेव्हा योग्य असतो. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर दोनच कॅमेरे, तेही दोन्ही कडांना, आणि एक कॅमेरा लांबून मधल्या वाटेत बसून, अशी मांडणी आधी आखून द्यावी. घरच्यांचेही तसेच. करवलीने स्टेजवरूनच रील काढायला घेतली, तर खालच्या चारशे माणसांना थांबवण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही.

अपवादही आधीच ठरवून जाहीर करावेत. गावी अंथरुणाला खिळलेली आजी किंवा व्हिसा न मिळाल्याने परदेशात अडकलेला भाऊ यांना लग्न थेट दाखवायचे असेल, तर स्टेजच्या बाजूला तिपाईवर एक फोन लावून त्याची जबाबदारी एका भाचरावर सोपवावी. व्हिडिओ कॉलसाठी आणखी वीस फोन मग वर येत नाहीत. कामावरून निरोप येऊ शकतो अशा डॉक्टरांना आणि घरी बाळ ठेवून आलेल्या आईला फोन बंद करायला सांगू नये. म्हणूनच मजकुरात ‘बंद करा’ न लिहिता ‘खिशात असू द्यावेत’ लिहिणे बरे. फोन गोळा करून टोपलीत ठेवण्याची कल्पना चारशे माणसांत अव्यवहार्य आहे, आणि एखाद्याचा हरवला तर लग्नाचा दिवस त्याच्याच शोधात जातो. प्रसिद्ध व्यक्तींच्या लग्नांत फोन बाहेर ठेवायला सांगतात, पण तिथला हेतू छायाचित्रे बाहेर जाऊ नयेत हा असतो. तो वेगळा विषय आहे आणि त्याची कडक भाषा घरच्या लग्नात आणू नये.

इतके करूनही काही फोन वर येतातच. एखादे वयस्कर काका घोषणा न ऐकता निवांतपणे व्हिडिओ काढत असतात. त्यांना अडवायला स्वयंसेवक धाडू नये. त्यांच्या शेजारी बसलेल्या पुतण्याने हळूच हात दाबला तर ठीक, नाहीतर सोडून द्यावे. चारशेत वीस फोन वर आले तरी वधू-वरांना तीनशेऐंशी चेहरे दिसतात. विनंती कितपत पाळली गेली, हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. अंतरपाट दूर झाल्याबरोबर वधू-वरांच्या मागून, त्यांच्या खांद्यावरून प्रेक्षकांकडे पाहणारा एक फोटो घ्यायला छायाचित्रकाराला सांगावे. त्यात वर गेलेले हात अक्षतांचे आहेत की फोनचे, ते लगेच दिसते. संध्याकाळी पाठवायच्या फोटोंत हा पहिला असावा, कारण त्यात पाहुणे स्वतःलाच सापडतात.

स्वागत समारंभाला अशी कोणतीही विनंती करू नये. रांगेत उभे राहून स्टेजवर येणाऱ्याला वधू-वरांबरोबर फोटोच हवा असतो आणि त्यासाठीच तो थांबलेला असतो. मंगलाष्टकांनंतर हार घालून झाले की काकांनी माइकवरून दिलेला शब्द पाळायचा: ‘आता मोबाइल बाहेर काढायला हरकत नाही, आणि वधू-वर दोन मिनिटे सर्वांकडे तोंड करून उभे राहणार आहेत.’ या दोन मिनिटांत ज्याला स्वतःच्या फोनमध्ये चित्र हवे त्याला ते मिळते. त्यानंतर गुरुजी कन्यादानाची तयारी सुरू करतात आणि मंडळी पंगतीकडे वळतात.